लिस्ट प्राइस ते हातात पडणारा भाव: बांधकाम साहित्याच्या डीलरसाठी प्राइस वॉटरफॉलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राइस वॉटरफॉल म्हणजे नेमकं काय?

लिस्ट प्राइसपासून सुरुवात करायची आणि माल विकून पैसे हातात येईपर्यंत त्यातून जे जे वजा होतं ते एकेक पायरी करून खाली मांडायचं. शेवटी उरतो तो हातात पडणारा भाव. त्यातून खरेदी वजा केली की हातात उरणारा नफा कळतो. ही मांडणी मायकेल मार्न आणि रॉबर्ट रोझिएलो यांनी १९९२ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये केली. त्यांचा मुद्दा साधा होता. बिलावर दिसणाऱ्या सवलतीवर सगळ्यांचं लक्ष असतं, पण बिलानंतरची गळती वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली असल्यामुळे ती एकत्र कुणाला दिसत नाही.

बांधकाम साहित्यात हा मुद्दा जास्तच लागू पडतो. माल जड असतो, एका गोणीमागचा नफा थोडा असतो आणि तो माल साइटवर पोचवावा लागतो.

एखादं उदाहरण पूर्ण मांडून दाखवाल का?

टाइल अधेसिव्हची २० किलोची गोणी घेऊ. लिस्ट प्राइस १०० धरू, म्हणजे पुढचा प्रत्येक आकडा त्याच मापात वाचता येईल. करआकारणी पूर्ण बाजूला ठेवली आहे. डीलरची खरेदी गोणीमागे ६५. ग्राहक दोन आहेत. अ हा मोठा कंत्राटदार, वर्षाला १०,००० गोण्या घेणारा. ब मध्यम कंत्राटदार, ३,००० गोण्या घेणारा आणि भावासाठी नेहमी घासाघीस करणारा.

| पायरी | ग्राहक अ | ग्राहक ब |
|---|---|---|
| लिस्ट प्राइस | १००.०० | १००.०० |
| ट्रेड डिस्काउंट | −१२.०० | −१२.०० |
| साइटसाठी खास सूट | −४.४० | −६.०० |
| बिलभाव | ८३.६० | ८२.०० |
| कॅश डिस्काउंट, २ टक्के | −१.६७ | −१.६४ |
| वार्षिक रिबेट | −२.५१ | ० |
| उधारीचं व्याज | −२.०२ | −०.२६ |
| वाहतूक | −६.०० | −२.०० |
| परत आलेला, खराब झालेला माल | −१.०० | ० |
| हातात पडणारा भाव | ७०.४० | ७८.१० |
| खरेदी | −६५.०० | −६५.०० |
| हातात उरणारा नफा | ५.४० | १३.१० |

बिलभाव पाहिला तर अ हा चांगला ग्राहक वाटतो, कारण तो गोणीमागे १.६० जास्त देतो. हातात पडणारा भाव पाहिला तर ब ७.७० ने पुढे आहे. बिलावर अ कडून १८.६० नफा दिसतो आणि त्यातले १३.२० पुढच्या पाच ओळींत निघून जातात. यातली एकही रक्कम भाव ठरवताना कुणी बोललेलं नसतं.

सगळ्या सवलतींच्या टक्क्यांची सरळ बेरीज केली तर चालणार नाही का?

नाही. प्रत्येक टक्का कशावर लागतो ते पाहावं लागतं. अ ची खास सूट ५ टक्के आहे, पण ती १०० वर नाही, ट्रेड डिस्काउंट गेल्यावर उरलेल्या ८८ वर आहे, म्हणून ४.४०. रिबेट ३ टक्के, तो बिलभावावर. करारात नुसतं "३ टक्के रिबेट" लिहिलं असेल आणि कशावर ते लिहिलं नसेल, तर हिशोबाच्या दिवशी ग्राहक लिस्ट प्राइस धरतो आणि डीलर बिलभाव. हे आधी कागदावर लिहून घ्या.

कॅश डिस्काउंट आणि उधारीचं व्याज अशा दोन ओळी एकाच ग्राहकाला कशा लागतात?

लागायला नको होत्या. तरीही जिथे वॉटरफॉल पहिल्यांदा मांडला जातो तिथे ही जोडी शोधण्यासारखी असते.

अट अशी असते की १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट. अ चे पैसे सरासरी ७५ दिवसांनी येतात, पण चेकवरची रक्कम मात्र २ टक्के कापूनच आलेली असते. हिशोबनीस फरकाची क्रेडिट नोट करून खातं मिटवतो, कारण एवढ्याशा रकमेसाठी मोठ्या ग्राहकाशी वाद कोण घालणार? अशा प्रकारे लवकर पैसे देण्याचं बक्षीसही दिलं जातं आणि उशिराचं व्याजही डीलरच भरतो. उदाहरणात व्याजाचा दर वर्षाला १२ टक्के धरला आहे. कॅश डिस्काउंट गेल्यावर उरलेल्या ८१.९३ वर ७५ दिवसांचं व्याज २.०२ होतं. ब च्याही दोन्ही ओळी आहेत, पण तो १० व्या दिवशी पैसे देतो, म्हणून त्याची सूट अटीत बसते आणि व्याज फक्त ०.२६ आहे.

कॅश डिस्काउंट मुळात वाईट नाही, तुलना कशाशी करता यावर ते ठरतं. जो ग्राहक एरवी ३० व्या दिवशी पैसे देतोच, त्याला १० व्या दिवसासाठी २ टक्के देणं म्हणजे २० दिवसांसाठी २ टक्के मोजणं. वर्षाच्या हिशोबाने तो दर ३७ टक्क्यांच्या आसपास जातो. पण जो एरवी ७५ दिवस लावतो, तो खरोखर १० व्या दिवशी देऊ लागला तर ६५ दिवसांचं व्याज वाचतं, जे २ टक्क्यांपेक्षा किंचित जास्तच भरतं. म्हणजे सवलत उशिरा देणाऱ्याला लवकर आणण्यासाठी उपयोगी आहे, आणि तारीख उलटली की ती मिळणार नाही एवढं पाळलं तरच.

वार्षिक रिबेट तर जास्त माल घेतल्यावरच द्यावा लागतो. मग त्यात गळती कसली?

रिबेटची रचना कशी आहे ते पाहा. अ शी करार असा आहे की वर्षात १०,००० गोण्या झाल्या की पहिल्या गोणीपासून सगळ्यांवर ३ टक्के. वर्ष संपायला थोडे दिवस उरलेत आणि त्याच्या ९,५०० झाल्या आहेत. आता पुढच्या ५०० गोण्यांचा खरा भाव काढा. त्या घेतल्या की एकूण रिबेट २५,०८० द्यावा लागतो. तो या ५०० वर वाटला तर गोणीमागे ५० च्या वर जातो. ८३.६० च्या बिलातून ५० गेले की या शेवटच्या गोण्या सुमारे ३३.४० ला विकल्या गेल्या, आणि खरेदी तर ६५ ची आहे.

एकूण आकडा काढला तर आणखी स्पष्ट होतं. अ ९,५०० वर थांबला असता तर रिबेट नाही, गोणीमागे हातात ७.९१ उरले असते आणि वर्षाचे ७५,००० च्या थोडे वर. १०,००० पूर्ण झाल्यावर उरतात ५४,०००.

पण इथे घाईने निष्कर्ष काढू नका. रिबेट नसता तर अ ने ९,५०० तरी घेतल्या असत्या का, हा खरा प्रश्न आहे. ५४,००० ला ७.९१ ने भागलं तर सुमारे ६,८०० येतात. तो रिबेटशिवाय यापेक्षा कमी गोण्या घेणार असेल तर रिबेटने डीलरचा फायदाच केला. ६,८०० पेक्षा जास्त तो घेणारच असेल, तर घेणारच असलेल्या मालावर पैसे वाटले. याचं उत्तर कॉम्प्युटर देत नाही. त्याच्या हातात किती साइट आहेत, दुसरीकडून तो किती घेतो हे सेल्समनला माहीत असतं, त्याच्याशी बसून ठरवावं लागतं.

मला पायरीच्या वरच्याच मालावर लागू होणारा रिबेट जास्त प्रामाणिक वाटतो. समजा ८,००० च्या पुढच्या गोण्यांवरच ३ टक्के दिले, तर १०,००० ला फक्त ५,००० च्या आसपास जातात. ग्राहकाला हे कमी आकर्षक वाटतं हे खरं, म्हणून वरच्या मालावरचा दर थोडा वाढवून देता येतो आणि तरी हिशोब आटोक्यात राहतो. आणखी एक लक्षण तपासा. वर्षाच्या शेवटच्या पंधरवड्यात विक्री उसळते आणि पुढच्या महिन्यात त्याच ग्राहकाचा माल परत येऊ लागतो. तसं दिसलं तर तो माल वापरासाठी नव्हता, पायरी गाठण्यासाठी होता. करारातच लिहा की परतीचा माल वजा करून उरलेल्या गोण्यांवरच रिबेट मिळेल.

रिबेट वर्षअखेरीला द्यायचा असतो, तर वॉटरफॉलमध्ये दर महिन्याला का धरायचा?

कारण तो दर गोणीबरोबर जमा होत जातो. ग्राहक पायरी गाठेल असं वाटत असेल तर पहिल्या महिन्यापासूनच त्याची तरतूद धरा. एरवी अकरा महिने नफा फुगलेला दिसतो आणि त्या जोरावर आणखी सूट दिली जाते.

वाहतूक विक्रीच्या टक्क्यांत धरली तर काय बिघडतं?

सगळंच बिघडतं. पानभराच्या वॉटरफॉलमध्ये एकच ओळ नीट करायची असेल तर ही करा.

बहुतेक ठिकाणी वर्षाचा वाहतूक खर्च विक्रीने भागतात आणि येईल तो टक्का सगळ्यांना सारखा लावतात. पण गाडी विक्रीच्या टक्क्यांवर चालत नाही, खेपेवर चालते. गोदामातून गाडी निघाली की ड्रायव्हर, इंधन, चढवणं, साइटवरचं थांबणं, उतरवणं आणि रिकामं परत येणं हा खर्च जवळपास ठरलेला असतो, गाडीत ५० गोण्या असोत की ३००. आपल्या उदाहरणात एका खेपेचा खर्च ६०० आणि गाडीत ६ टन, म्हणजे ३०० गोण्या बसतात. ब पूर्ण गाडी मागवतो, त्याला गोणीमागे २ पडतात. अ ला साइटवर माल ठेवायला जागा नाही, म्हणून तो दर वेळी १०० मागवतो आणि त्याला ६ पडतात.

वर्षाचा हिशोब असा होतो. ब साठी १० खेपा, आणि हातात उरतात ३९,३००. अ साठी १०० खेपा, आणि उरतात ५४,०००. त्या १०० खेपांवरच ६०,००० खर्च झाले आहेत, म्हणजे अ कडून जे उरलं त्यापेक्षा जास्त. टक्क्यांच्या पद्धतीत हे कधीच दिसत नाही. उलट ब च्या पूर्ण गाड्या अ च्या अर्ध्या रिकाम्या गाड्यांचा खर्च उचलतात.

फुकट गेलेली खेप ही वेगळी बाब. साइटवर माणूस नाही, उतरवायला मजूर आले नाहीत, चुकीच्या रंगाचा ग्राउट गेला, अशा कारणाने गाडी परत आली आणि पुन्हा पाठवावी लागली तर अ च्या त्या १०० गोण्यांवर आणखी ६ चढतात. त्याच्याकडून गोणीमागे हातात उरतात ५.४०. म्हणजे एका फुकट खेपेने त्या मालाचा नफा संपतो आणि वर तोटा होतो. म्हणून अशा खेपांची नोंद ग्राहकाच्या नावासकट आणि कारणासकट ठेवा. कारण आपल्या गोदामाचं असेल तर ते ग्राहकाच्या वॉटरफॉलमध्ये टाकू नका, ती दुरुस्ती आपल्याकडे करायची आहे.

गाडीत एकापेक्षा जास्त ग्राहकांचा माल असेल तर? खर्चाचे दोन भाग करा. प्रत्येक थांब्यामागे येणारा खर्च, म्हणजे वाट पाहणं आणि उतरवणं, तो ज्या थांब्यावर झाला त्याच्याकडे. उरलेला वजनाने वाटा. माल हलका पण जागा खाणारा असेल, उदाहरणार्थ इन्सुलेशन किंवा प्लास्टिकचे पाइप, तर वजनाऐवजी जागेने वाटा, कारण तिथे गाडी वजनाच्या आधी जागेनेच भरते.

ठरावीक रकमेच्या वरच्या बिलाला डिलिव्हरी मोफत ठेवतो. हे योग्य आहे का?

रकमेची अट जड आणि हलक्या मालाला एकच माप लावते. समजा मोफत डिलिव्हरीची मर्यादा ५,००० आहे. कुणी ६० गोण्या घेतल्या तर बिल ५,०१६ होतं. वजन १,२०० किलो, बिलावरचा नफा १,११६, आणि ६०० ची खेप गेली की त्यातले ५१६ उरतात, तेही रिबेट आणि उधारी बाजूला ठेवून. तेवढ्याच रकमेचे नळ आणि शॉवर एखाद्या खोक्यात मावतात, लहान गाडीत किंवा दुसऱ्या खेपेबरोबर जातात. दोघांनाही मोफत डिलिव्हरी मिळते, पण एकाच्या बिलाने ती कमावलेली असते.

अट गोण्यांची किंवा टनांची ठेवा, किंवा प्रत्येक खेपेमागे ठरावीक आकार बिलावर वेगळा दाखवा. तो आकार वसूल झाला की वॉटरफॉलमध्ये वाहतुकीच्या ओळीतून वजा करायचा. तो विक्रीत मिसळला तर बिलभाव उगाच चढलेला दिसतो.

कंपनीकडून मिळणारा रिबेट खरेदीतून वजा करून दाखवायचा का?

वेगळ्या ओळीत दाखवा. वरच्या ६५ मध्ये तो धरलेला नाही. समजा कंपनी वर्षअखेरीला ३ टक्के देते, म्हणजे गोणीमागे १.९५. सेल्समनला खरेदी ६३.०५ म्हणून सांगितली की मिळायच्या आधीच ते १.९५ ग्राहकाला देऊन टाकले जातात. कंपनीची पायरी हुकली तर दिलेलं परत घेता येत नाही.

याहून जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे प्रोजेक्टच्या खास भावाचे दावे. कंपनी सांगते, या साइटला कमी भावात द्या, फरक आम्ही भरून देऊ. डीलर देतो, आणि मग दावा करताना साइटचं नाव जुळत नाही, मुदत संपलेली असते किंवा बिलाची प्रत मिळत नाही. नामंजूर झालेला दावा म्हणजे आपल्याच खिशातून दिलेली सूट. दावा मंजूर होईपर्यंत ती सूट पूर्ण आपली धरून वॉटरफॉल मांडा, पैसे आले की दुरुस्त करा.

हे आकडे कुठून आणायचे? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असा अहवाल नाही.

लिस्ट प्राइस, ट्रेड डिस्काउंट आणि खास सूट बिलाच्या ओळीत सापडतात. पुढचं शोधावं लागतं. रिबेट आणि कॅश डिस्काउंट क्रेडिट नोटांमध्ये, उधारीचे दिवस बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख यांच्या फरकात, वाहतूक गाडीच्या वहीत किंवा ट्रान्सपोर्टरच्या बिलात, परतीचा माल गोदामाच्या नोंदीत.

अडतं ते बहुधा क्रेडिट नोटांपाशी. त्या दोन-तीन महिन्यांनी निघतात आणि त्यावर मूळ बिलाचा क्रमांक नसतो, कारणाच्या जागी नुसतं "फरक" लिहिलेलं असतं. मागच्या सगळ्या दुरुस्त करत बसू नका. आजपासून प्रत्येक क्रेडिट नोटेवर बिल क्रमांक आणि ठरलेल्या चार-पाच कारणांपैकी एक कारण सक्तीचं करा. सुरुवातीला मोठे २० ग्राहक आणि सर्वाधिक खपाच्या २ वस्तू एवढंच पुरे, ते एक्सेलमध्ये होतं. पहिल्या प्रयत्नात ताळा जमवा. सगळ्या ग्राहकांच्या वॉटरफॉलमधली वाहतूक एकत्र केली की ती हिशोबातल्या वाहतूक खात्याशी जुळली पाहिजे. फरक राहिला तर काही खेपा कुणाच्याच नावावर पडलेल्या नाहीत.

सगळ्या ग्राहकांचा मिळून एकच सरासरी वॉटरफॉल काढला तर?

गळती कोणत्या प्रकारची आहे ते कळेल, पण ती कुठे आहे ते कळणार नाही. अ आणि ब ची सरासरी काढली तर ज्याच्यासारखा कुणी नाही असा ग्राहक तयार होतो. त्यापेक्षा एक आलेख काढा. आडव्या अक्षावर ग्राहकाची वर्षाची खरेदी, उभ्या अक्षावर हातात पडणारा भाव. मोठ्या ग्राहकांना कमी भाव आणि लहानांना जास्त, असा उतार दिसला तर सवलती मालाच्या मागे चालल्या आहेत. ठिपके विस्कटलेले असतील, लहान ग्राहकही तळाशी असतील, तर सवलती जुन्या ओळखीमागे किंवा जास्त ताणून धरणाऱ्यामागे चालल्या आहेत. तळाचे लहान ग्राहक आधी तपासा, त्यांना तो भाव का मिळतो याचं कारण कुणाला सांगता येत नाही असं अनेकदा निघतं.

हातात उरणारा नफा म्हणजे खरा नफा का?

नाही. गोदामाचं भाडं, पगार, मालात अडकलेले पैसे यातून अजून जायचे आहेत. अ चे ५.४० हे सगळं भागवायला पुरतात की नाही ते डीलरच्या एकूण खर्चावर अवलंबून आहे. शिवाय ठरलेला खर्च असा वाचवता येत नाही. अ ला सोडलं म्हणून गाडीचा हप्ता थांबत नाही, गाडी दुसऱ्या कामाला लागली तरच ते ६०,००० वाचतात.

मग अ चा भाव वाढवायचा का?

भावाला हात लावण्याआधी दोन गोष्टी बोला. पहिली, ७५ दिवसांनी आलेल्या पैशांवर कॅश डिस्काउंट मिळणार नाही. त्याने गोणीमागे सुमारे १.६० परत येतात. दुसरी, मागणी २०० ची करावी. साइटवर जागा नसेल तर त्याच्या जवळपासच्या दोन साइटचा माल एका खेपेत न्यायचा आणि त्यासाठी वार ठरवून घ्यायचा. त्याने वाहतूक ६ ची ३ होते, थांबा एक वाढला तरी त्याचा खर्च थोडाच असतो. लिस्ट प्राइस, ट्रेड डिस्काउंट आणि खास सूट जशीच्या तशी ठेवून अ कडून हातात उरणारा नफा ५.४० वरून १० च्या आसपास जातो.

यातली दुसरी गोष्ट आधी काढा. वार ठरला तर त्याच्या साइटवर माल वेळेवर येतो, मजूर रिकामे बसत नाहीत, म्हणजे त्याचाही फायदा आहे. त्यावर त्याची संमती मिळाली की कॅश डिस्काउंटचं बोलणं करा, पुढच्या तिमाहीपासून लागू करा आणि आतापर्यंत कापलेल्या रकमा उकरून काढू नका. त्याच्या हिशोबनिसालाही पत्र पाठवा, कारण २ टक्के कापून चेक बहुधा तोच बनवतो.